आधी ओठ मिटू द्या

संगणकावर घडवलेल्या पात्राला बोलतं करायचं, तर सगळ्यात आधी त्याला तोंड बंद करायला शिकवावं लागतं. ऐकायला हे उलटं वाटतं. नवशिका अॅनिमेटर सुरुवात करतो ती तोंड उघडण्यापासून. आवाज मोठा झाला की जबडा खाली, आवाज लहान झाला की जबडा वर, एवढी एक जोडणी तो करतो. पात्र बडबडताना दिसतं, पण ते तेच शब्द बोलतंय असं काही वाटत नाही. चूक कुठे आहे, ते 'म' या एका अक्षरावरून कळतं. 'म' म्हणताना ओठ घट्ट मिटलेले असतात आणि तरीही आवाज नाकातून चालूच असतो. आवाजाच्या पातळीवर चालणारा जबडा नेमका तिथेच थोडा उघडा राहतो आणि बघणाऱ्याला खटकतं.

का खटकतं, याचं उत्तर 1976 साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅक्डॉनल्ड यांनी 'नेचर' या नियतकालिकात दिलं. त्यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. तिच्यात आवाज 'बा'चा होता आणि ओठांची हालचाल 'गा'ची. बहुतेक प्रौढांना ऐकू आलं 'दा'. थोडक्यात, आपण बोलणं कानांनी ऐकतो तसं डोळ्यांनीही ऐकतो, आणि दोघांचं जमलं नाही तर मेंदू तिसरंच काहीतरी ठरवतो.

मात्र डोळ्यांना सगळे ध्वनी वेगवेगळे दिसत नाहीत, आणि अॅनिमेटरचं काम सोपं होतं ते यामुळेच. प, ब आणि म आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिले तर तोंड तिन्ही वेळा सारखंच दिसतं. त्यांच्यातला फरक घशात आणि नाकात घडतो, कॅमेऱ्याला तो दिसत नाही. दिसायला सारख्या असलेल्या ध्वनींच्या अशा गटाला व्हिझीम म्हणतात. हा शब्द 1968 मध्ये क्लीटस फिशर या अभ्यासकाने ओठवाचनाच्या संशोधनात वापरला. मराठी शाळेत वर्णमाला शिकलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही विभागणी उच्चार तोंडात कुठे होतो यावरूनच केलेली आहे. पण कॅमेऱ्याच्या नजरेने पाहिलं, तर पाच वर्गांपैकी ठळक दिसतो तो एकटा ओष्ठ्य वर्ग. क, ट, त यांची सगळी खटपट दातांच्या आत चालते. बाहेरून दिसतं ते थोडंसं उघडलेलं तोंड आणि क्वचित जिभेचं टोक.

म्हणून चाळीस-पन्नास ध्वनींसाठी चाळीस-पन्नास तोंडं घडवावी लागत नाहीत. डॅनियल वोल्फ यांनी लिहिलेल्या 'रूबार्ब लिप सिंक' या मोफत प्रोग्रॅमचं काम नऊ आकारांत भागतं. त्यांना A ते H आणि X अशी अक्षरं दिलेली आहेत. त्यांतले पहिले सहा आकार हॅना-बार्बेराच्या हाताने काढलेल्या कार्टूनांच्या परंपरेतून आले आहेत. A म्हणजे हलक्या दाबाने मिटलेले ओठ, प-ब-मसाठी. B मध्ये तोंड किंचित उघडं आणि दात जवळजवळ मिटलेले, म्हणजे स, त, क आणि 'ई'. C हे मध्यम उघडं तोंड, D पूर्ण उघडं, अर्थात 'आ'. E थोडा गोल, F ओठांचा पुरता चंबू, म्हणजे 'ऊ'. G मध्ये वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, H मध्ये 'ल'साठी उचललेली जीभ दिसते, आणि X म्हणजे गप्प बसलेलं, सैल तोंड.

हे आकार चेहऱ्यावर उतरतात कसे? संगणकातला चेहरा म्हणजे हजारो बिंदूंची जाळी असते. या बिंदूंना व्हर्टेक्स म्हणतात. तटस्थ चेहऱ्याची एक प्रत घेऊन तिचे ओठ मिटवायचे, दुसऱ्या प्रतीचा जबडा उघडायचा, तिसरीचा चंबू करायचा. संगणक प्रत्येक प्रतीतला प्रत्येक बिंदू मूळ जागेवरून किती सरकला एवढंच लक्षात ठेवतो. त्या सरकण्याला 0 ते 1 असा एक स्लायडर जोडला की झाला ब्लेंड शेप. मायामध्ये याला हेच नाव आहे, ब्लेंडरमध्ये शेप की म्हणतात, आणि अनरिअलसारख्या गेम इंजिनांत मॉर्फ टार्गेट. एका अवस्थेतला चेहरा दुसऱ्या अवस्थेकडे सरकवत न्यायची मूळ कल्पना जुनी आहे. यूटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क यांनी 1972 मध्येच तसे हलणारे चेहरे करून दाखवले होते. त्यामागचं गणित एका ओळीत मावतं:

```
P = P0 + w1*(P1 - P0) + w2*(P2 - P0) + ...
```

`P0` ही बिंदूची मूळ जागा, `P1` आणि `P2` या दोन आकारांतल्या जागा, आणि `w` म्हणजे स्लायडरचं मूल्य. समजा, खालच्या ओठाच्या मधला बिंदू D आकारात 20 मिलिमीटर खाली जातो आणि F आकारात 6 मिलिमीटर खाली व 8 मिलिमीटर पुढे येतो. दोन्ही स्लायडर 0.5 वर ठेवले तर तो 13 मिलिमीटर खाली आणि 4 मिलिमीटर पुढे दिसेल. 'आ'कडून 'ऊ'कडे जाताना मध्येच दिसावं तसं तोंड. पण दोन्ही स्लायडर 1 वर नेले तर तो 26 मिलिमीटर खाली जाईल, म्हणजे दोन्ही आकारांपेक्षाही खाली, आणि हनुवटी रबरासारखी ताणली जाईल. बेरीज शरीरशास्त्र जाणत नाही. तोंडाच्या आकारांचे स्लायडर मिळून 1 च्या फार पुढे जाऊ द्यायचे नाहीत हा नियम त्यातूनच आला.

या गणिताची आणखी एक अट आहे. प्रत्येक प्रतीतले बिंदू तेवढेच आणि त्याच क्रमाने असले पाहिजेत. आकार घडवताना एखादा बिंदू पुसला किंवा नवा घातला की जोड्या चुकतात, आणि स्लायडर हलवताच चेहऱ्याचा चुरगळलेला कागद होतो. त्यामुळे तोंडाभोवतीची जाळी आधीच नीट वर्तुळाकार बांधून घ्यायची आणि शेप की करायला घेतल्यावर जाळीत काटछाट करायची नाही. दातांचंही असंच पहिल्यांदाच ठरवायचं. वरचे दात कवटीचे असतात, ते जागचे हलत नाहीत. हलतो तो जबडा, आणि त्याच्यासोबत खालचे दात. हसताना वरचे दातही ओठांबरोबर वर सरकणारी पात्रं इंटरनेटवर कमी नाहीत.

आता एक वाक्य घेऊन सगळी जोडणी करून पाहू: 'मामा, पाऊस थांबला का?' वाक्य साधं आहे, पण त्यात ओठ मिटणं, उघडणं आणि गोल होणं हे तिन्ही आहे.

ध्वनिमुद्रण शांत खोलीत, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर लांब ठेवून करावं. मागे संगीत किंवा पंख्याची घरघर असली की पुढची ओळख बिघडते. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवावी. मग रूबार्बला ती अशी द्यायची:

```
rhubarb -r phonetic -f json -o mama.json mama.wav
```

इथे `-r phonetic` महत्त्वाचं आहे. एरवी हा प्रोग्रॅम आवाजात इंग्रजी शब्द शोधत बसतो, आणि मराठी वाक्यात ते सापडणार नाहीत. फोनेटिक पद्धतीत तो शब्दांच्या नादी न लागता थेट ध्वनी ओळखतो, म्हणून ती कोणत्याही भाषेला चालते. त्याची किंमत अचूकतेत मोजावी लागते, तिच्याकडे पुढे वळूच. उत्तरादाखल वेळापत्रक मिळतं. आपल्या वाक्याच्या सुरुवातीचं वेळापत्रक साधारण असं असेल:

```
{ "start": 0.12, "end": 0.20, "value": "A" },
{ "start": 0.20, "end": 0.36, "value": "D" },
{ "start": 0.36, "end": 0.44, "value": "A" },
{ "start": 0.44, "end": 0.66, "value": "D" }
```

म्हणजे 0.12 सेकंदाला ओठ मिटले, 0.20 ला उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. 'मामा' झालं. ब्लेंडरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट किंवा तयार अॅड-ऑन हे वेळापत्रक वाचून योग्य त्या शेप कीवर कीफ्रेम टाकतं. पहिला खेळ इथेच होतो, आणि पहिला अपेक्षाभंगही. पात्र बोलतं, पण 'म'ला त्याचे ओठ मिटत नाहीत. बारीक फट उरते.

फटीचं कारण फ्रेमच्या हिशेबात सापडतं. चित्र सेकंदाला 25 फ्रेमने चालत असेल तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. मधला 'म' अवघा 80 मिलिसेकंदांचा आहे, म्हणजे दोन फ्रेम. समजा तो 0.36 ऐवजी 0.38 सेकंदाला सुरू झाला. गुणाकार केला तर कीफ्रेम येते साडेनवव्या फ्रेमवर. अशी फ्रेम पडद्यावर दिसतच नाही. पाचव्या फ्रेमवर असलेलं उघडं तोंड साडेनऊपर्यंत सरळ रेषेत मिटत गेलं, तर नवव्या फ्रेमवर A चं मूल्य 0.89 भरतं. ओठ साडेनऊला मिटून लगेच उघडायला लागले आणि साडेअकराला पूर्ण उघडले, तर दहाव्या फ्रेमवर ते 0.75 वर आलेलं असतं. म्हणजे कागदावर ओठ मिटले, पण पडद्यावर एकाही फ्रेममध्ये ते पुरते मिटलेले नाहीत. त्यावर कुणी हालचाल मऊ दिसावी म्हणून आलेखाची रेघ आणखी गुळगुळीत केली, की उरलेसुरले मिटणंही जातं.

उपाय सोपा आहे, पण हाताने करायचा. ओठ मिटण्याची प्रत्येक कीफ्रेम पूर्ण फ्रेमवर आणायची, तिथे A चं मूल्य 1 करायचं, बाकी सगळे आकार 0 करायचे आणि हे किमान दोन फ्रेम तसंच धरून ठेवायचं. त्यासाठी शेजारच्या 'आ'ची एक फ्रेम गेली तरी चालते. स्वर थोडा आखडला तर कुणाच्या लक्षात येत नाही. न मिटलेला 'म' मात्र सगळ्यांच्या लक्षात येतो, भले त्यांना कारण सांगता न येवो.

मिटणं किती वेळा व्हायला हवं, हे संहितेवरूनच मोजता येतं. 'मामा'त दोनदा, 'पाऊस'मध्ये एकदा आणि 'थांबला'मध्ये एकदा, असं एकूण चार वेळा. 'थांबला'तला अनुस्वार चकवतो. 'ब'च्या आधी आल्यामुळे त्याचा उच्चार 'म्' होतो आणि म्-ब मिळून ओठ नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहतात. तोच अनुस्वार 'अंक' किंवा 'अंत'मध्ये असता तर ओठ मिटायचं कारणच नव्हतं. इंग्रजी ध्वनींवर घडलेल्या ओळखयंत्राकडून अशा जागा सुटू शकतात. म्हणून आलेखात A चे चार डोंगर आहेत का, हे मोजून पाहायचं. तीनच दिसले तर चौथा हाताने घालायचा. फोनेटिक पद्धतीची जी किंमत वर सांगितली, ती इथे पाच मिनिटांत चुकती होते.

'फ'बद्दलही कान उघडे ठेवावे लागतात. वर्णमालेत तो ओष्ठ्य आहे, त्याला ओठ मिटायला हवेत. पण आजचे अनेक मराठी बोलणारे 'फार' किंवा 'फोन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावतात. तेव्हा A की G हे पुस्तक ठरवत नाही, त्या विशिष्ट नटाचा आवाज ठरवतो. जमलं तर ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याच्या तोंडाचं मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावं. पुढचे निम्मे वाद त्यावर मिटतात.

मिटण्याचा प्रश्न सुटला की उलट दिशेची चूक समोर येते. ती म्हणजे प्रत्येक ध्वनीला एक तोंड देण्याची. आपल्या वाक्यात सोळा ध्वनी आहेत. सोळाही दाखवले तर दोन सेकंदांच्या आत तोंड सोळा वेळा आकार बदलेल आणि पात्र चावतंय असं वाटेल. खरा बोलणारा इतका राबत नाही. 'थ' 'स'ला लागूनच येतो, दोघांना दात जवळ आणलेलं एकच B पुरतं. 'ल'ला जीभ उचलते, ओठांना काही करायचं नसतं. 'का'मधला 'क' पडजिभेजवळ घडतो, बाहेर जबडा जरासा वर येऊन खाली जातो एवढंच. हिशेब केला तर वाक्याला अकरा ठळक तोंडं लागतात: मा, मा आणि पा यांची दोन-दोन, 'ऊ'चं एक, स-थचं एक, 'थां'तल्या 'आ'चं एक, म्-बचं एक आणि शेवटच्या ला-काचं लांबलेलं एक. कीफ्रेम कमी केल्यावर काम सुधारतं, हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो.

राहिला 'पाऊस'. या शब्दातला 'ऊ' शेजाऱ्यांना आपल्याकडे ओढतो. 'पा'चा 'आ' संपण्याआधीच ओठ गोल व्हायला लागतात, आणि 'स' म्हणताना त्यांचा चंबू पुरता सुटलेला नसतो. 'सीता' आणि 'पाऊस' हे शब्द आरशासमोर म्हटले तर दोन्हींतले 'स' वेगळे दिसतात. मायकेल कोहेन आणि डॉमिनिक मासारो यांनी 1993 मध्ये यावर एक पद्धत मांडली. प्रत्येक ध्वनीला शेजाऱ्यांवरच्या वर्चस्वाचा एक चढता-उतरता आलेख द्यायचा, आणि कोणत्याही क्षणी तोंड कसं दिसावं ते या सगळ्या आलेखांच्या सरासरीवरून ठरवायचं. ओठ मिटवणाऱ्या ध्वनींचं वर्चस्व मोठं, ते कुणाला जुमानत नाहीत. 'ऊ'चा पसारा लांब, मागेपुढे दोन्हीकडे. त आणि क बिचारे सगळ्यांचं ऐकतात. हाताने काम करणारा अॅनिमेटर हेच वेगळ्या रीतीने करतो. F ची चढण 'आ'च्या मध्यावर सुरू करतो, आणि 'स'च्या फ्रेमवर B ला 0.6 आणि F ला 0.3 ठेवतो.

'आ' किती उघडायचा, तेही वेळापत्रक सांगत नाही. ते D एवढंच सांगते आणि सगळे D सारखेच असतात. नेहमीच्या बोलण्यात 0.5 ते 0.7 पुरे. पूर्ण 1 हा मामा अंगणात आणि भाचा माडीवर असेल तेव्हासाठी राखून ठेवावा. हा प्रश्न नीट सोडवणारं काम टोरांटो विद्यापीठातल्या गटाने 2016 मध्ये 'जाली' या नावाने मांडलं. त्यांनी जबडा आणि ओठ वेगळे केले आणि एकच वाक्य पुटपुटल्यापासून ओरडल्यापर्यंत कसंही दाखवायची सोय केली. 2020 च्या 'सायबरपंक 2077' या गेममध्ये ही पद्धत दहा भाषांसाठी वापरली गेली. एरवी एका भाषेसाठी हलवलेल्या ओठांवर दुसऱ्या भाषांचा आवाज चढवून काम भागवलं जातं. तिथे प्रत्येक भाषेतल्या आवाजावरून तोंड नव्याने हललं.

जबडा वेगळा ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ब्लेंड शेपमधला प्रत्येक बिंदू सरळ रेषेत सरकतो, पण जबडा कानापाशी अडकलेला असतो आणि कमानीत फिरतो. तोंड अर्धवट उघडलं असताना हनुवटी किंचित आत गेलेली, आखूड दिसते ती यामुळे. म्हणून अनुभवी मंडळी जबड्याला हाड देतात आणि शेप की ओठांपुरत्या ठेवतात. तोंड फार उघडणार नसेल तर मात्र एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

मग येतं हसू. भाचा हसत हसत 'मामा' म्हणतोय असं दाखवायचं आहे. हसण्याचा आकार ओठांचे कोपरे बाजूला आणि वर ओढतो, A ओठ मिटवतो. दोघांची बेरीज झाली की मिटलेले ओठ पुन्हा विलगतात किंवा एकमेकांत घुसतात. वरचं गणित पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. यावर तिसरा आकार घडवतात, हसत मिटलेल्या ओठांचा, आणि हसू व A दोन्ही चालू असतील तेव्हाच तो आपोआप लागू व्हावा अशी सोय करतात. त्याला करेक्टिव्ह म्हणतात. मोठ्या चित्रपटांतल्या चेहऱ्यांना शेकड्यांनी आकार लागतात, त्यांतले कित्येक अशा भांडणांत मध्यस्थी करणारे असतात.

शेवटची गोष्ट आवाज आणि चित्राच्या मेळाची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाला जाणवतं, पण मागे पडला तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. थोडक्यात, तोंड जरा आधी हललेलं चालतं, उशिरा हललेलं चालत नाही. म्हणून अॅनिमेटर तोंडाच्या सगळ्या कीफ्रेम एक-दोन फ्रेम अलीकडे ओढतात. 25 च्या वेगात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, तेव्हा दोन फ्रेम अलीकडे आणल्या तरी मर्यादा पाळली जाते. चार फ्रेम आणल्या तर ती मोडते.

तपासणीसाठी आवाज बंद करून चित्र पाहावं, आणि वाक्य ठाऊक नसलेल्या कुणाला तरी दाखवावं. त्या माणसाला शब्द ओळखता येणार नाहीत, ती अपेक्षाही नाही. पण ओठ चार वेळा मिटले आणि एकदा गोल झाले, एवढं त्याने सांगितलं तरी जोडणी बरोबर आहे. ब्लेंडर आणि रूबार्ब दोन्ही फुकट मिळतात. करून पाहायचं असेल तर पहिलं वाक्य प, ब, म यांनी भरलेलं निवडा आणि ओठ मिटण्याच्या जागा कागदावर आधीच मोजून ठेवा.